सलग ६३ दिवस, आणि मग शून्य

आज एका तक्त्याबद्दल लिहितो आहे. तो तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाईलमध्ये असेल आणि माझ्याही आहे. रोज काय केले त्याची चौकट, प्रत्येक दिवसासमोर टिकचा चौकोन, आठवड्याची बेरीज, आणि शेवटी 'सलग किती दिवस' सांगणारा रकाना. पेशंट मला हा तक्ता कौतुकाने दाखवतात आणि मीही त्यांचे कौतुक करतो. पण त्यातल्या शेवटच्या रकान्याने मला स्वतःला कसे गोत्यात आणले, ते आज सांगतो.

मला एक्कावन्नाव्या वर्षी बीपी निघाले. डॉक्टरचे बीपीही तुमच्यासारखेच वाढते! रोज सकाळी एक गोळी आणि अर्धा तास चालणे, एवढेच ठरले. माझ्या मुलीने गूगल शीटमध्ये तक्ता करून दिला. A मध्ये तारीख, B मध्ये गोळी, C मध्ये चालणे. B आणि C मध्ये `Insert` मेनूतून `Checkbox` घातले. चौकोनावर बोट टेकले की बरोबरची खूण येते. आतल्या आत शीट त्याला TRUE समजते, रिकाम्या चौकोनाला FALSE. म्हणून आठवड्याची बेरीज एका ओळीत होते:

```
=COUNTIF(C2:C8,TRUE)
```

D मध्ये तिने चालण्याचे 'सलग दिवस' टाकले:

```
=IF(C2,N(D1)+1,0)
```

म्हणजे आज टिक असेल तर कालच्या आकड्यात एक मिळवा, नसेल तर शून्य करा. सूत्रात चूक काहीच नाही. गंमत त्या शून्यात आहे.

आकडा वाढू लागला तशी मला त्याची गोडी लागली. एक्केचाळिसाव्या दिवशी मला १०१ ताप होता. पेशंटना मी ठणकावून सांगतो, तापात व्यायाम नको. विषाणूजन्य तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, आणि तेव्हा श्रम केले तर ते महागात पडू शकते. हे सगळे माहीत असूनही त्या संध्याकाळी मी सोसायटीत तीस मिनिटे चाललो. तब्येतीसाठी नव्हे, ४० चे ४१ व्हावेत म्हणून.

चौसष्टाव्या दिवशी एका पेशंटसाठी रात्री उशिरापर्यंत हॉस्पिटलमध्ये थांबावे लागले. घरी आलो तेव्हा दीड वाजला होता. चालणे झाले नव्हते. सकाळी शीट उघडले तर ६३ च्या खाली शून्य. मन खट्टू झाले. 'आता पुन्हा पहिल्यापासून' म्हणत मोबाईल बाजूला ठेवला, तो एकोणीस दिवस ते शीट उघडलेच नाही.

खरे नुकसान पुढे आहे. गोळीचा चौकोन त्याच शीटमध्ये होता. रोज सकाळी टिक करायला शीट उघडायचो आणि त्यामुळे गोळी आठवायची. शीट बंद झाले तशी आठवणही गेली. एकोणिसाव्या दिवशी डोके जड वाटले म्हणून बायकोने बीपी मोजले: १६०/९८. मी म्हटले, "गोळ्या घेतोय की मी." तिने काही न बोलता पाकिटे समोर ठेवली. १९ गोळ्या संपायला हव्या होत्या, संपल्या होत्या ११. आठ दिवस मी गोळी घेतली नव्हती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आता हिशेब बघा. ६४ दिवसांत मी ६३ दिवस चाललो, म्हणजे शंभरात अठ्ठ्याण्णव. शरीराला हे ६३ दिवस मिळालेले आहेत, ते एका रात्रीत परत जात नाहीत. पण रकाना म्हणतो शून्य. त्याच्या लेखी ६३ दिवस चाललेला माणूस आणि कधीच न चाललेला माणूस सारखेच. चुकलेल्या दिवसानंतरचे सहा दिवस मी चाललो असतो, तर आठवड्याच्या बेरजेत ६ आले असते, आणि ६ बघून कोणी तक्ता बंद करत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली यांनी ९६ लोकांच्या सवयींचा अभ्यास केला होता. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस, तर कोणाला अंदाजे २५४ दिवस लागतील असे दिसले. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. माझेही नुकसान चौसष्टाव्या दिवसाने झाले नाही. ते त्यानंतरच्या एकोणीस दिवसांनी केले.

म्हणून मी D मधले सूत्र उलटे केले. आता तो रकाना सलग किती दिवस चुकले ते मोजतो:

```
=IF(A2>=TODAY(),"",IF(C2,0,N(D1)+1))
```

आजचा दिवस संपलेला नसतो, म्हणून तो आणि पुढचे दिवस कोरे राहतात. कालपर्यंतचा आकडा दिसतो. १ दिसला तर मी काही करत नाही. २ दिसले की त्या दिवशी दहा मिनिटे तरी चालतोच. ताप असेल तर E मध्ये 'ताप' लिहितो आणि आकडा वाढू देतो. बरे वाटले की पुन्हा सुरू.

चालण्याचे लक्ष्यही मी आठवड्याला ७ ऐवजी ५ ठेवले. ही पळवाट नाही. प्रौढांसाठी मध्यम व्यायामाचा सल्लाच आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आहे, आणि तीस मिनिटांचे पाच दिवस म्हणजे नेमके तेवढेच.

गोळीचे मात्र तसे नाही. तिथे लक्ष्य सातपैकी सातच. पण चौकोनावर विसंबू नका, कारण टिक कधी केली हे तो सांगत नाही. माझ्या एका पेशंट काकूंच्या तक्त्यात महिनाभर एकही चौकोन रिकामा नव्हता, तरी बीपी उतरेना. विचारल्यावर कळले, त्या रविवारी बसून आठवड्याच्या सगळ्या टिका एकदम करत. खोटे बोलण्याचा हेतू नव्हता, आठवणीवर भरवसा होता. आता त्या रविवारी पाकीट घेऊन बसतात. आठवड्यात सात टिका असतील तर पाकिटातली सात घरेही रिकामी हवीत. जुळले नाही, तर पाकीट खरे.

आणि एक. काल गोळी राहिली म्हणून आज दोन घेऊ नका. कालचा चौकोन रिकामाच राहू द्या. वरचेवर राहत असेल तर तो तक्ता घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. रिकामे चौकोन बघून आम्ही रागावत नाही. गोळी सकाळची रात्री करायची का, हे आम्हाला त्यातूनच कळते.

माझा तक्ता चालू आहे. गेल्या आठवड्यात चालणे ४, गोळी ७. बीपी आज सकाळी १३०/८२.