पहिल्या तुकड्याला उत्तर

आमच्या डब्याच्या धंद्यात सगळी धावपळ रात्री आठ ते साडेनऊ. उद्याच्या ऑर्डरी त्या वेळात व्हॉट्सॲपवर येतात, आणि येतात त्या तुकड्यातुकड्यांनी. फोन माझ्याकडे असतो, तोच नंबर सूनबाईच्या लॅपटॉपवरही जोडलेला आहे. ती पहिल्या तुकड्याला उत्तर देऊन मोकळी होते, मी थांबते. तिच्या मते गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नये. माझ्या मते गिऱ्हाइकाचं बोलणं अजून संपलेलंच नसतं.

एक नमुना बघा. "ताई उद्या दोन डबे." "एक नेहमीचा." "दुसऱ्यात भाजी कालच्यासारखी तिखट." "नको." चार मेसेज, सगळे मिळून मिनिटभरात. सूनबाईने पहिला वाचला, "हो, पाठवते" लिहिलं आणि वहीत दोन डबे मांडले. तिचं उत्तर निघायला जरा वेळ लागला आणि समोरच्याच्या पडद्यावर ते पडलं "नको"च्या खाली. त्याला वाटलं, तिखट नको हे ताईंना कळलं. तिला वाटलं, दोन डबे ठरले. दोघांच्याही पडद्यावर काहीच चुकलेलं दिसत नाही. चूक कळते ती दुसऱ्या दिवशी दुपारी, पहिल्या घासाला. म्हणून घाईच्या उत्तराची खोड सापडत नाही: उत्तर लिहिलेलं असतं एका तुकड्याला आणि वाचलं जातं दुसऱ्याचं म्हणून.

मराठीत तर ही जोखीम आणखी. आपला नकार वाक्याच्या शेपटाला असतो. भात, पोळी, तिखट सगळं आधी येतं. हवं की नको ते शेवटी. वाक्य मध्येच तुटलं की हातात राहतो तो नुसता भात.

समोरासमोर हा घोळ होत नाही. दहा भाषांतल्या बोलण्याचा 2009 साली एक अभ्यास झाला होता. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो असं त्यात दिसलं. वाक्याच्या घडणीवरून आणि आवाजावरून शेवट आधीच ओळखू येतो, म्हणून हे जमतं. वायरलेसवर एका वेळी एकालाच बोलता येतं, तिथे 'ओव्हर' म्हणून बोलणं सोडतात. मेसेजला ना आवाज ना ओव्हर. पाठवायचं बटण काही जण बोलणं संपल्यावर दाबतात, काही जण नुसता श्वास घ्यायला. कॉम्प्युटरवरून लिहिणाऱ्यांचं तर आणखीच, तिथे सहसा एंटर दाबलं की मेसेज जातो. नवी ओळ हवी तर शिफ्ट धरून एंटर मारावं लागतं, आणि ते कोण करतंय!

मग थांबायचं किती? 'टाइप करत आहे' दिसतंय तोवर हात लावायचा नाही, हे उघड आहे. पण ते गेलं म्हणजे संपलं असंही नाही. बोट थबकलं की ते जातं. माणूस आत जाऊन बायकोला विचारत असतो. शेवटच्या तुकड्यानंतर मी साधारण एक पोळी भाजून होईल इतकं थांबते. मध्ये नवा तुकडा आला की पुन्हा पहिल्यापासून. तोवर चॅट उघडत नाही, वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचते. निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर नाही, की लोकांना ते लागतं.

थांबणं अंगाशी येतं ते एका जातीच्या गिऱ्हाइकाकडे. ते नुसतं "ताई" लिहितात आणि फोन ठेवून देतात. ती हाक असते. दारात उभं राहून हाक मारणारा 'ओ' आल्याशिवाय पुढे बोलत नाही, तसंच हे. मी त्यांची वाट बघते, ते माझी, आणि साडेनऊ वाजतात. हे ओळखायचं कसं? पहिल्या तुकड्यात नुसतं संबोधन आहे, कामाचं काहीच नाही, आणि यादीत 'टाइप करत आहे'ही दिसत नाही, तर लगेच "बोला" लिहावं. या बाबतीत सूनबाईचं बरोबर आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही. "ताई, मुलगा दवाखान्यात आहे" असं आलं तरीही थांबत नाही. फक्त "वाचतेय, लिहा" इतकंच लिहिते, डबा बंद की चालू हा विषय मी होऊन काढत नाही.

बाकी सगळ्यांना सगळे तुकडे जोडून एकच उत्तर: "उद्या दोन. एक नेहमीचा, एक कमी तिखट. बरोबर?" आणि त्यांचं "हो" आल्यावरच वहीत नोंद. उत्तर एखाद्याच तुकड्याला असेल तर तो तुकडा बाजूला सरकवून त्याच्यावरच लिहायचं, म्हणजे कुठल्या प्रश्नाला काय ते दिसतं.

साडेनऊला मात्र वही मिटते, कारण भाजी त्याच हिशेबाने चिरायची असते. काहींचे तुकडे साडेदहालाही येत राहतात. "आणि ताई", मग "ताक पण". ते ताक परवा जातं.