हार नको, खांदा द्या

अब्बांचा इंतकाल पहाटे झाला आणि जोहरनंतर दफन ठरलं. आमच्यात मय्यत थांबवत नाहीत. त्यामुळे सातपूरच्या कारखान्यातले त्यांचे सोबती पाळी अर्धवट टाकून आले. तोवर गुस्ल, कफन झालं होतं. हार कुठे ठेवायचा, असं त्यांनी विचारलं. आम्ही म्हटलं, हार नको, खांदा द्या. जनाज्याची नमाज उभ्यानेच होते. चार तकबीर, रुकू-सजदा नाही. तेवढा वेळ ते मागे शांत उभे राहिले. कब्रस्तानात त्यांनीही तीन मुठी माती दिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. अम्मी इद्दतीत, म्हणजे चार महिने दहा दिवस घरातच. वहिनी आत जाऊन तिच्याजवळ बसल्या. पुरुष आमच्याशी बाहेरच बोलले, अब्बांच्या डब्याबद्दल.