बयाणा देण्याआधीचे चार दिवस

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमचे दाजी सकाळी सकाळी दारात उभे. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांच्या झेरॉक्स. दाजी सफाई खात्यातून निवृत्त झालेले. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत आलेले, आणि आक्काचा जीव एका गोष्टीत अडकलेला. पोरांसाठी स्वतःच्या नावावर चार भिंती टाकता येतील एवढी जागा तिला हवी होती. बदलापूरच्या पुढे पंधराशे चौरस फुटांचा बिनशेती प्लॉट एका एजंटाने दाखवला होता. भाव आजूबाजूच्या प्लॉटांपेक्षा दोन-अडीच लाखांनी कमी. "मालकाला मुलीच्या लग्नाची घाई आहे. उद्या संध्याकाळपर्यंत दोन लाख बयाणा द्या, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे," असे एजंट म्हणाला होता.

ही घाई ऐकली आणि आमच्या पोटात गोळा आला. 2009 साली आम्ही स्वतः असेच वीस हजार दिले होते, एका झेरॉक्स सातबाऱ्यावर आणि नोटरीच्या कागदावर. बी.कॉम. झालेला माणूस, दिवसभर कार्यालयात दुसऱ्यांचे कागद तपासणारा! ते वीस हजार पुन्हा दिसले नाहीत. म्हणून दाजींना सांगितले, "चार दिवस थांबा. गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्या."

पहिल्या दिवशी आम्ही एजंटाचा सातबारा बाजूला ठेवला आणि स्वतः नवा काढला. शासनाच्या digitalsatbara.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावर पंधरा रुपये भरले की डिजिटल सही असलेला उतारा मिळतो. त्यावर पडताळणी क्रमांक असतो, तो त्याच संकेतस्थळावर टाकून उतारा खरा की बनावट हे कळते. (शहर हद्दीत भूमापन झालेले असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक पाहावे लागते.) आम्हाला वाटले होते की इथेच चोरी पकडली जाईल. पण उताऱ्यावर तेच नाव, तेच क्षेत्र! इतर अधिकारांच्या रकान्यात बँकेचा बोजाही नाही. दाजी खूश झाले.

बहुतेक माणसे इथेच फसतात. सातबारा खरा असला म्हणजे समोर बसलेला माणूस खरा, असे होत नाही. उताऱ्यावर मालकाचा फोटो नसतो. भामट्याला खोटा सातबारा करण्याची गरजच काय? खऱ्या सातबाऱ्यावरचे नाव घेऊन त्याच नावाचे बनावट आधार कार्ड केले की त्याचे काम झाले. मालक दूर राहणारा, म्हातारा किंवा मेलेला असला, आणि प्लॉट मोकळा पडलेला असला, की त्याला अशी जागा सोन्यासारखी.

सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी एक आकडा असतो, तो फेरफाराचा. हे नाव कशामुळे लागले, खरेदीने की वारसाने, ते त्या फेरफारात लिहिलेले असते. आम्ही तलाठी कार्यालयातून त्याची नक्कल काढली. त्यात 1994 च्या खरेदीखताचा दस्त क्रमांक आणि तारीख मिळाली. ती घेऊन दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. जमिनीच्या नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल फी भरून कोणालाही मागता येते, त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. हे आपल्या लोकांना ठाऊक नसते आणि खिडकीवरचा माणूस आपण होऊन सांगत नाही. नक्कल हातात पडायला आणखी एक दिवस गेला.

त्या जुन्या खरेदीखतात घेणाराचे नाव, वडिलांचे नाव, धंदा, पत्ता आणि वय लिहिले होते. वय 38 वर्षे. आम्ही बोटांवर मोजले. 1994 साली अडतीस, म्हणजे जन्म 1956 च्या सुमाराचा. आज तो माणूस सत्तरीकडे झुकलेला असणार. मग दाजींच्या पिशवीतली आधारची झेरॉक्स काढली. तिच्यावर जन्मवर्ष 1979. म्हणजे या "मालकाने" वयाच्या पंधराव्या वर्षी प्लॉट विकत घेतला होता! शिवाय जुन्या दस्तावरची सही मराठीत, ठसठशीत वळणाची. एजंटाने दिलेल्या कच्च्या करारावरची सही इंग्रजीत.

दाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मास्तर, एखादे वेळेस आधारवर चूक झाली असेल." (आम्ही मास्तर नाही, पण ते आम्हाला असेच म्हणतात.) चूक होऊ शकते, हे खरे. म्हणून एजंटाला फोन लावला आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहायचे आहे. दुसरी, मूळ आधार कार्ड समोर ठेवा, त्यावरचा क्यूआर कोड आम्ही अधिकृत ॲपने तपासू. त्या कोडमध्ये नाव, जन्मतारीख आणि फोटो असतो. कार्डावर वरून छापलेले बदलता येते, पण कोडमधली शासनाची डिजिटल सही भामट्याला करता येत नाही. एजंट म्हणाला, मूळ खरेदीखत हरवले आहे. मूळ दस्त हरवल्याचे ऐकले की दोन शंका घ्याव्यात. तो कर्जापोटी कुठेतरी गहाण असेल, किंवा दुसऱ्याच कोणाच्या कपाटात असेल. बयाणा कोणाच्या खात्यावर भरायचा, असे विचारले तर त्याने स्वतःच्या मेव्हण्याचा नंबर दिला. खरा मालक पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यावर घेतो, आणि ते नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळते.

चौथ्या दिवशी, रविवारी, एजंटाला न सांगता आम्ही दोघे जागेवर गेलो. शेजारच्या बंगल्यातल्या मावशी ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. त्यांना नाव विचारले. "ते साहेब? ते वारले की, दोन वर्षे झाली. बाई मुलाकडे असतात." दस्तातल्या पत्त्यावर आम्ही जोडकार्ड टाकले. आठ दिवसांनी मुलाचाच फोन आला. मूळ खरेदीखत आईच्या ट्रंकेत होते. प्लॉट विकायचा विचारही त्यांच्या घरात कोणी केला नव्हता.

मुलगा पोलीस ठाण्यात गेला, आम्हीही जबाब दिला. दस्त नोंदवताना दुसऱ्याचे सोंग घेऊन उभे राहिले तर नोंदणी कायद्याच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण इथे गोष्ट नोंदणीपर्यंत पोहोचलीच नव्हती. ती पोहोचणारही नव्हती, कारण या लोकांना फक्त बयाणा हवा असतो. त्यांचा खेळ नोटरीच्या कागदावरच संपतो, आणि त्या कागदाने कोणी मालक होत नाही. उलट नोंदणी झाली तरी निर्धास्त राहू नये. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही.

आम्ही केलेली तपासणीसुद्धा पुरी नव्हतीच. कोर्टातला दावा, बहिणींचा हिस्सा, कुळाचा हक्क या गोष्टी एका फेरफारात दिसतीलच असे नाही. त्यासाठी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा लागतो आणि हरकती मागवणारी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते. त्याला काही हजार जातात. पण वकिलाकडे जायचे की नाही हे ठरवायला नक्कल फी, पंधरा रुपये आणि गाडीभाडे पुरले.

त्या मुलाला आम्ही एक विचारले, दोन वर्षांत वारस नोंद का केली नाही? तो म्हणाला, "प्लॉट कुठे पळून जातोय, असे वाटले." वास्तविक मालक वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे जोडून साधा अर्ज करायचा. मेलेल्या माणसाचे नाव उताऱ्यावर तसेच राहिले होते, म्हणून तर कोणालाही ते नाव पांघरता आले. त्याने त्याच महिन्यात अर्ज केला. आता उताऱ्यावर आईचे आणि दोन्ही मुलांची नावे लागली आहेत.

दाजींचे पैसे सध्या पोस्टात आहेत. आक्का अजून अधूनमधून प्लॉटचे विचारते. परवा दाजी पुन्हा एक पिशवी घेऊन आले होते. पण या वेळी सातबारा त्यांनी स्वतःच काढून आणला होता आणि फेरफाराच्या आकड्याभोवती पेनने गोल केला होता.