विसर्ग नसलेलं दुक्ख

माझ्या आजीला कुणी विचारलं, ‘काय गं, काही दुःख आहे का तुला?’ तर ती म्हणायची, ‘मला कसलं दुःख? गुडघे तेवढे दुखतात.’

मराठी येणाऱ्या कुणालाही या उत्तरात काही खटकणार नाही. पण नीट ऐकलं तर तिने एकाच शब्दाची दोन पोरं वेगवेगळ्या खोल्यांत बसवली आहेत. ‘दुःख’ हा विसर्गवाला शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि आपण तो मनासाठी राखून ठेवला. कुणी गेलं, लग्न मोडलं, पोरगा बोलत नाही, की दुःख. ‘दुखणं’ प्राकृतातून घासत घासत आलं. त्याचा विसर्ग वाटेत गळाला आणि ते शरीरापाशी राहिलं. गुडघा दुखतो, दाढ दुखते, म्हातारा माणूस दुखणाईत होतो.

पालीतला शब्द ‘दुक्ख’ या दोन्ही खोल्यांचा मालक आहे. शिवाय त्याची एक तिसरी खोलीही आहे, जिची किल्ली मराठीकडे नाही. अकरावीत मी पाली विषय घेतला तो मार्क मिळतात म्हणून. पण हा शब्द तेव्हापासून पाठ सोडत नाही. इंग्रजीत त्याला ‘सफरिंग’ म्हणतात. इंग्रजी वाचकाला निदान आपण भाषांतर वाचतोय याची जाणीव असते. आपल्याला तीही नसते. शब्द घरचाच दिसतो, म्हणून त्याचा अर्थही घरचाच धरला जातो.

घोळ कुठे होतो ते एका वाक्यात दिसतं. संयुत्तनिकायात बुद्ध डोळ्याबद्दल बोलतात. डोळा अनित्य आहे आणि डोळा दुक्ख आहे, असा त्याचा आशय. मग कान, नाक, जीभ, शरीर, मन यांच्याबद्दलही तेच. आता ‘डोळा दुःख आहे’ हे मराठीत म्हणून पाहा. काहीच हाती लागत नाही. डोळा दुखतोय, असंही इथे म्हणायचं नाही, कारण चांगल्या, निरोगी डोळ्याबद्दलच बोलणं चाललंय.

अडचण व्याकरणाची आहे. मराठीत ‘दुःख’ हे फक्त नाम आहे, ती एक भावना आहे. पालीत ‘दुक्ख’ नाम म्हणून येतं तसं विशेषण म्हणूनही येतं आणि विशेषण कुठल्याही वस्तूला लागू शकतं. डोळा दुक्ख आहे म्हणजे डोळा रडतोय असं नाही. ज्यावर भार टाकून निश्चिंत व्हावं, अशा जातीची ही वस्तू नाही, एवढंच ते वाक्य सांगतं.

शब्दाच्या मुळाबद्दल एक गोष्ट तुम्ही वाचली असेल. ‘ख’ म्हणजे पोकळी किंवा भोक. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचं विशेषण म्हणून येतं, सहज पळणारा रथ. त्यावरून काही जण सांगतात, की चाकाच्या तुंब्यातलं भोक नीट असेल आणि आस त्यात बरोबर बसला तर सुख. भोक वाकडं असेल तर प्रत्येक फेऱ्याला हिसका बसतो, ते दुक्ख. बैलगाडीत बसलेल्याला हे लगेच पटेल. मात्र ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. ‘दुःस्थ’ म्हणजे ‘नीट न बसलेलं’ या शब्दाचं हे घासलेलं रूप असावं, असंही एक मत आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत राहून ‘विसुद्धिमग्ग’ लिहिणाऱ्या बुद्धघोषांनी तर तिसरीच फोड केली: ‘दु’ म्हणजे वाईट, ‘ख’ म्हणजे पोकळ. बाहेरून भरीव वाटतं, आत काही नाही. यातली कुठलीही फोड घ्या, अश्रू कुठेच सापडत नाहीत. सापडतं ते नीट न बसणं आणि रिकामं निघणं.

गंमत म्हणजे हा शब्द खुद्द पालीतही एका मापाचा नाही. सारनाथला पाच जुन्या सोबत्यांना बुद्धांनी जे पहिलं प्रवचन दिलं, त्यात दुक्खाची यादी आहे: जन्म, म्हातारपण, मरण, नको त्याची सोबत, हव्या त्याचा वियोग, हवं ते न मिळणं. शेवटी ते म्हणतात, की थोडक्यात, आपण ‘मी’ म्हणून धरून ठेवतो ते शरीर आणि मनाचं सगळं गाठोडंच दुक्ख. इथे शब्द सगळ्यात मोठ्या मापाचा आहे. पण याच सत्याची सविस्तर व्याख्या महासतिपट्ठान सुत्तात येते, तेव्हा यादीत शोक आणि विलाप यांच्या शेजारी पुन्हा ‘दुक्ख’ येतं. तिथे त्याचा अर्थ फक्त शारीरिक वेदना. मनाच्या वेदनेला वेगळा शब्द आहे, ‘दोमनस्स’. म्हणजे माझ्या आजीने केली तशी वाटणी पालीतही आहे. फरक इतकाच, की तिथे ‘दुक्ख’ हे गुडघ्याच्या बाजूला बसतं.

जंबुखादक नावाच्या एका परिव्राजकाने सारिपुत्तांना सरळ विचारलं होतं, की लोक दुक्ख दुक्ख म्हणतात, ते नक्की काय? सारिपुत्तांनी तीन प्रकार सांगितले. दुखण्याचं दुक्ख, बदलण्याचं दुक्ख आणि संस्कारांचं दुक्ख. संस्कार म्हणजे इथे वळण किंवा शिस्त नाही. कारणं जुळून आली म्हणून उभं राहिलेलं सगळं काही, मग ती खुर्ची असो की मूड. पहिले दोन प्रकार समजावून सांगावे लागत नाहीत. तिसरा मात्र पुस्तकात कितीदा वाचला तरी माझ्या डोक्यावरून जायचा.

तो कळला पुण्याहून नागपूरच्या एका रात्रीच्या प्रवासात. रिझर्व्हेशन नव्हतं. जनरलच्या डब्यात खिडकीशी जागा मिळाली आणि गर्दी इतकी, की एकदा बसल्यावर हलता येईना. पहिला अर्धा तास चैन होती. जागा मिळाल्याचा आनंद, खिडकीतून वारा. मग कंबर बोलू लागली, मग मांडी, मग टाच. बाहेरून काहीच बदललं नव्हतं. तीच जागा, तोच वारा. बसण्याचं सुख बसण्यातच संपलं, हे बदलण्याचं दुक्ख. त्यानंतरची कळ म्हणजे दुखण्याचं दुक्ख.

मध्ये एका स्टेशनवर थोडी जागा झाली. मी पाय बदलला आणि स्वर्ग मिळाला. तेव्हा बुद्धघोषांची एक ओळखीची गोष्ट आठवली. ते म्हणतात, की दुक्ख आपल्याला दिसत नाही कारण आपण सारखी बैठक बदलतो. ‘इरियापथ’ हा त्यांचा शब्द: चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं. कळ यायच्या आधीच आपण कूस बदलतो आणि समजतो, की आपण आरामात आहोत.

तिसरं दुक्ख हेच. आराम ही स्थिर अवस्था नसते, तिची सतत देखभाल करावी लागते आणि एरवी ती इतकी सहज होते, की लक्षातच येत नाही. शरीर असंच आहे, पोट असंच आहे, नोकरी, मैत्री, घरभाडं असंच आहे. काही बिघडलेलं नसतं. फक्त कुठलीच गोष्ट एकदाची लावून दिली आणि झालं, अशी नसते. पटत नसेल तर तासभर खुर्चीत तसूभरही न हलता बसून पाहा. गुडघे आधीच दुखत असतील तर मात्र नको.

याला ‘सफरिंग’ म्हणता येत नाही, कारण ते जाणवायला हवं असतं आणि हे बहुतेक वेळा जाणवतच नाही. थानिस्सरो भिक्खूंनी ‘स्ट्रेस’ हा शब्द वापरून पाहिला. देखभालीचा ताण त्यात येतो, पण मृत्यूसमोर तो शब्द तोकडा पडतो. वालपोल राहुल यांनी 1959च्या आपल्या पुस्तकात शब्द तसाच ठेवला आणि अर्थ समजावून सांगितला. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

मग सुखाचं काय? बुद्ध सुख नाकारतात का? याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर एका बाईचं आहे. मज्झिमनिकायात धम्मदिन्ना नावाच्या भिक्खुणीला विसाख नावाचा उपासक प्रश्न विचारत जातो. परंपरा सांगते, की तो तिचा पूर्वाश्रमीचा नवरा. तो विचारतो, सुखद वेदनेत सुख कुठे आणि दुक्ख कुठे? ती सांगते, की सुखद वेदना टिकते तोवर सुख, बदलली की दुक्ख. दुखरी वेदना टिकते तोवर दुक्ख, बदलली की सुख. आणि जी धड सुखद नाही, धड दुखरी नाही, ती कळली तर सुख, न कळली तर दुक्ख. पुढे विसाखने हे सगळं बुद्धांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, की मीही हेच उत्तर दिलं असतं.

तिच्या उत्तरात सुख खरंच सुख आहे, त्याला भ्रम म्हटलेलं नाही. दुक्खालाही दार आहे, तेही बदलतं. ‘जीवन दुःखमय आहे’ या वाक्यात हे दार बंद होऊन जातं.

ते दार बंद होण्याची किंमत आमच्यासारख्या घरांना जास्त ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच चार आर्यसत्यांवर प्रश्न ठेवला. जगणं दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख असेल, तर सगळंच संपलं. मग धर्म माणसाला देणार काय? ही सत्यं मूळची की भिक्खूंनी नंतर घातलेली, असंही त्यांनी विचारलं. आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गात अकरावीतल्या एका मुलाने हेच त्याच्या भाषेत विचारलं: ‘ताई, सगळंच दुःख असेल तर विहिरीवर पाणी नाकारलं तेही त्यातलंच एक का?’

मी त्याला सारिपुत्तांचे तीन प्रकार फळ्यावर लिहून दाखवले. पाणी नाकारणं हे पहिल्या प्रकारातलं आहे. ते माणसाने माणसाला दिलेलं आहे आणि माणसाने थांबवता येतं. पाणी मिळाल्यावर पुन्हा तहान लागते, ते तिसऱ्या प्रकारातलं. दुसऱ्याची तहान दाखवून पहिल्याचा अन्याय झाकायचा असेल, तर दोन्हीला एकच शब्द वापरणं फार सोयीचं पडतं. म्हणून पालीतलं वाक्य वाचताना आधी विचारायचं, की इथला ‘दुक्ख’ कुठला? दुखणारा, बदलणारा, की न टेकू देणारा?

त्याने तिन्ही वहीत उतरवले. मग विचारलं, ‘ताई, परीक्षेत काय लिहू? दुक्ख की दुःख?’ मी म्हटलं, पालीच्या पेपरात दुक्ख लिही, आणि कंसात कुठलं ते लिही.