तुक्का नव्हे, विसंगती

अमरगोळहून धारवाडला कॉलेजला येताना मी बसमध्ये पेपरातलं सुडोकू सोडवते. अवघड सुडोकू अर्ध्यावर हमखास अडतं. प्रत्येक रिकाम्या घरात दोन-तीन अंक शक्य दिसतात आणि पुढं काही सरकत नाही. मग मी म्हणते, "इथं ९ आहे असं समजू या." लगेच मैत्रीण म्हणते, "अगं, हा तर तुक्का झाला!" मला ते मान्य नाही.

समजा, दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या घरात ३ किंवा ७ येऊ शकतो आणि त्याच ओळीतल्या आठव्या घरात ३ किंवा ९. आता खाली आठव्या ओळीत या. तिथल्या दुसऱ्या घरात ७ किंवा ९, आणि आठव्या घरात ४ किंवा ९. ही चार घरं म्हणजे एका मोठ्या चौकोनाचे चार कोपरे.

खालच्या उजव्या कोपऱ्यात ९ आहे असं धरा. मग त्याच स्तंभात वरच्या कोपऱ्यात ९ चालणार नाही, तिथं ३ उरतो. त्याच ओळीत डाव्या कोपऱ्यातही ९ चालणार नाही, तिथं ७ उरतो. आता वरचा डावा कोपरा बघा. त्याच्या ओळीत ३ बसला, स्तंभात ७ बसला, आणि त्याला तर हेच दोन अंक शक्य होते! म्हणजे त्या घराला अंकच उरला नाही. ही झाली विसंगती. म्हणून ९ बाद. ४ बिनधास्त पेनानं लिहा.

दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे हे दहावीत आपण असंच सिद्ध केलं होतं. तुक्का मारणाऱ्याला आपला अंक बरोबर निघावा असं वाटतं. इथं मात्र तो मोडावा म्हणूनच धरायचा असतो. मोडला नाही, तर काहीच सिद्ध झालं नाही. पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या आणि दुसरं घर धरायचं. दोनच अंक शक्य असलेलं घर उत्तम, कारण एक बाद झाला की दुसरा आपोआप पक्का होतो.

पण धरलेल्या ९ वरून सगळं सुडोकू सुरळीत भरलं तर? उत्तर मिळालं, हे खरंच. पण ते एकमेव आहे, हे आपण छापणाऱ्यावर भरवसा ठेवून मानतो. (२०१२ साली डब्लिनच्या गॅरी मॅक्ग्वायर यांनी सहकाऱ्यांसह संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं की, १६ च अंक दिलेल्या सुडोकूचं उत्तर कधीच एकमेव नसतं, किमान १७ लागतात.)

कधी कधी ९ धरला तरी मोडतो आणि ४ धरला तरी मोडतो. अशा वेळी त्या घराचा काही दोष नसतो. आधी कुठंतरी पेनानं लिहिलेला अंकच चुकलेला असतो, आणि मग तिथपासून मागं जात एकेक अंक तपासत बसावं लागतं.