मुखत्यारपत्रातील ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘सदर कंपनी’

मुखत्यारपत्र म्हणजे एका व्यक्तीने किंवा संस्थेने आपल्या वतीने व आपल्या नावाने कृत्य करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा लेख होय. जो अधिकार देतो त्यास दस्तात ‘लिहून देणार’ म्हणतात आणि ज्यास अधिकार मिळतो तो ‘मुखत्यार’. अंबड तालुक्यातील शेतजमिनींचे दस्त लिहिण्याच्या प्रस्तुत लेखकाच्या कामात जो नमुना सर्वाधिक हाती येतो, तो एकट्या पुरुषासाठी घडवलेला असतो: ‘मी यांना माझे मुखत्यार नेमतो, त्यांनी केलेली कृत्ये मी स्वतः केली असे समजावे व ती माझ्यावर आणि माझ्या वारसांवर बंधनकारक राहतील.’ लिहून देणार अनेक असले किंवा ती कंपनी असली, की या वाक्याचे वचन व लिंग बदलावे लागते. आणि हा बदल करताना मुळात अधिकार कोण देत आहे, हे ठरवावे लागते.

1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 13 नुसार पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगाचा आणि एकवचनात बहुवचनाचा समावेश होतो. तथापि तो नियम केंद्रीय अधिनियमांच्या वाचनासाठी आहे, खाजगी दस्तासाठी नाही. त्यामुळे तशा अर्थाचे कलम हवे असल्यास ते दस्तातच लिहावे लागते.

एका नमुनारूप उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर आई, दोन मुलगे व विवाहित मुलगी अशी चार नावे लागली असून, आई व मुलगे अंबड येथे आणि मुलगी पुण्यास राहते, असे समजू. येथे ‘मी’च्या जागी सर्वत्र ‘आम्ही’ घातल्याने वाक्य व्याकरणशुद्ध होते, कारण ‘आम्ही नेमतो’ हे रूप स्त्री-पुरुष दोघांनाही चालते; परंतु अधिकार चौघांनी मिळून एकच दिला की प्रत्येकाने आपापल्या हिश्श्यापुरता दिला, हे त्यातून कळत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 नुसार लिहून देणाऱ्याच्या मृत्यूने मुखत्याराचा अधिकार सामान्यतः संपुष्टात येतो, म्हणून आईच्या निधनानंतर मुलांनी दिलेला अधिकार टिकला की नाही, असा वाद उद्भवू शकतो. तो टाळण्यासाठी ‘आम्ही संयुक्तपणे व प्रत्येकी आपापल्या हिश्श्यापुरते स्वतंत्रपणे नेमतो, आमच्यापैकी एखादी व्यक्ती मयत झाल्यास किंवा तिने अधिकार काढून घेतल्यास तो तिच्या हिश्श्यापुरताच संपेल’ असे लिहावे, यातील ‘व्यक्ती’ हा शब्द आईला व मुलांना सारखाच लागू पडतो.

पुण्याच्या मुलीचा प्रश्न मात्र निराळा आहे. मुखत्याराने तिच्या वतीने दस्त नोंदणीसाठी सादर करावयाचा असेल, तर नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 33 प्रमाणे ते मुखत्यारपत्र ती जेथे राहते तेथील निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर सही होऊन अधिप्रमाणित व्हावे लागते. म्हणून तिचा लेख वेगळा करणे सोयीचे ठरते आणि त्यात ‘मी नेमते’ हे स्त्रीलिंगी एकवचन येते, तर अंबडच्या लेखात तिघांचेच ‘आम्ही’ उरते.

कंपनीच्या बाबतीत धोका ‘मी’च्या जागी सरसकट ‘आम्ही’ घालण्याच्या उलट असतो. संचालक समोर बसून सही करीत असल्याने ‘मी नेमतो’ हे नमुन्यातले शब्द तसेच राहतात आणि अधिकार कंपनीचा की संचालकाचा व्यक्तिगत, याविषयी संशय निर्माण होतो. तेथे कर्ता कंपनीच असावा: ‘सदर कंपनी, जिच्या वतीने संचालक मंडळाच्या अमुक तारखेच्या ठरावान्वये संचालक सही करीत आहेत, ती यांना आपले मुखत्यार नेमते.’ एकट्या व्यक्तीच्या नमुन्यात मुखत्यार नेमण्याचे ‘वृद्धापकाळामुळे’ असे कारण दिलेले असल्यास ते आणि ‘माझे वारस’ हा उल्लेख काढून टाकावा लागतो. वारसांऐवजी ‘उत्तराधिकारी व हस्तांतरिती’ असे शब्द येतात. सहीच्या जागीही ‘सदर कंपनीकरिता’ असे लिहून त्याखाली पदनाम द्यावे. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 22 नुसार कंपनीची सामाईक मुद्रा असल्यास ती वापरली जाते. 2015 च्या दुरुस्तीनंतर मुद्रा नसलेल्या कंपनीसाठी दोन संचालक, किंवा एक संचालक व कंपनी सचिव, सही करतात.

तपासणीसाठी दस्तातील प्रत्येक सर्वनाम व क्रियापद अधोरेखित करून ‘हे कोण?’ असे विचारावे. विशेषतः ‘त्यांनी’ या शब्दाकडे लक्ष द्यावे, कारण मराठीत तो एका आदरणीय व्यक्तीसाठीही येतो व अनेकांसाठीही. म्हणून तेथे ‘मुखत्यार यांनी’ किंवा ‘लिहून देणार यांनी’ असे नाम घालणे श्रेयस्कर ठरते. सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी वाक्य कर्त्याचा लिंगभेद झाकते, कारण ‘मी नेमणूक केली’ हे स्त्री व पुरुष दोघांचेही वाक्य होऊ शकते. परंतु शब्दांच्या या समायोजनाने संचालक मंडळाचा न झालेला ठराव किंवा सहहिस्सेदाराची न मिळालेली सही भरून निघत नाही.