वाटीचे माप, हाताचा अंदाज

घरातल्या आमटीच्या वाट्या एका मापाच्या नसतात. वाटीने अन्न मोजायचे तर आधी ती वाटीच मोजावी लागते आणि त्याला काटा लागत नाही. अर्ध्या लिटरच्या पिशवीतल्या दुधाने सव्वातीन ते साडेतीन वाट्या भरल्या, तर ती वाटी सुमारे १५० मिलिलिटरची. किलोभर तांदळाची पिशवी त्याच वाटीने सपाट मोजली की साधारण आठ वाट्या होतात, म्हणजे वाटीत १२५ ग्रॅम तांदूळ. पुढे मोजायला तीच एक वाटी तांदळाच्या डब्यात ठेवावी.

वसईतल्या गिरीजसारख्या गावात भात आणि मासळी हे रोजचे जेवण. चार माणसांसाठी दोन सपाट वाट्या तांदूळ घेतले, तर शिजून साधारण तिप्पट, म्हणजे सहा वाट्या भात होतो. ताटात प्रत्येकी दीड वाटी. चूक होते ती शिगेत. तांदूळ शिगोशीग भरले की वाटीमागे पाव वाटी सहज वाढते आणि शिजल्यावर तीही तिप्पट होते. रोज वाटीभर भात उरत असेल, तर आधी शीग तपासावी. हे वजन मात्र तांदळाचेच. त्याच वाटीत पोहे निम्म्याहून कमी वजनाचे बसतात, तर कणीक दाबून भरली की सैल भरल्यापेक्षा बरीच जास्त.

मासळीला वाटी चालत नाही, तिथे तळहात कामी येतो. बोटे सोडून तळहाताएवढी आणि करंगळीएवढ्या जाडीची सुरमईची तुकडी साधारण शंभर ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाला एका जेवणाला पुरते. बांगड्याचे डोके आणि काटे वजा करून अंदाज बांधावा लागतो. ओला बोंबील तर बहुतांश पाणीच. तळहात भरून दिसणारा बोंबील तळल्यावर पार आटतो. म्हणून बोंबलाची वाढणी शिजल्यावरच ठरवणे बरे.

हात कोणाचा, हेही महत्त्वाचे. तळहात साधारण अंगकाठीच्या प्रमाणात असतो, म्हणून सात वर्षांच्या मुलाची तुकडी त्याच्याच तळहाताएवढी धरावी. रांधणारीच्या हाताने सगळ्यांची ताटे वाढली, तर मुलाच्या ताटात जास्त जाते आणि कष्टाचे काम करणाऱ्याच्या ताटात कमी पडते. इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत हा अंदाज अपुरा आहे. त्याचा भात निदान सुरुवातीला काट्यावर मोजून वाटीशी ताडून घ्यायला हवा.

तेलाचा अंदाज हाताने होत नाही आणि बाटलीच्या धारेने तर मुळीच नाही. त्यासाठी पाच मिलिलिटरचा लहान चमचा हवा. माणशी दिवसाला चार चमचे धरले, तर चौघांना ८० मिलिलिटर तेल लागते आणि लिटरची पिशवी बारा दिवस पुरते. ती आठव्या दिवशीच संपली, तर तळण सोडूनही कुठेतरी धार सुटते आहे. बहुतेक वेळा ती फोडणीत सापडते.